पट्टीवरच्या रेघा

दिवे गेल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे टॉर्च बंद केली. काडी ओढून कारखान्याच्या चौकीतली मेणबत्ती पेटवली, टॉर्चचं बूड फिरवून दोन्ही जाडे सेल बाहेर काढले आणि स्वेटरच्या आत, काखेशी धरून बसले. रात्रपाळीचा पहारेकरी बॅटरीला ऊब देत बसलाय हे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पण थंडीने सेल सुस्तावतात, अंगाची ऊब मिळाली की थोडे सावरतात, हे काकांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

टॉर्चवर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी होती. दहा मिनिटं टॉर्च जळली की तिच्यावर एक रेघ. चोवीस रेघा झाल्या होत्या, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. नवी जोडी थांबून थांबून वापरली तर सहा तास चाले. सलग जाळली तर साडेतीन तासांतच मान टाकी. सेलला मध्ये दम खायला दिला की तो पुन्हा थोडा उजळतो. सहा तासांतून चार गेले, राहिले दोन. थंडीचा चौथा हिस्सा वजा केला, उरली नव्वद मिनिटं.

दोन, तीन, चार आणि पाच वाजताचे असे चार फेरे बाकी होते. दिवे नसताना एका फेऱ्याला बावीस मिनिटं टॉर्च लागायची. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी.

"निभेल," काका मेणबत्तीला म्हणाले. सहाला पाळी संपली की मग टॉर्च विझली काय, फुटली काय!

दुसऱ्या कुणाला एवढा हिशेब लागला नसता. टॉर्च पिवळी, मग तांबूस होत गेली तरी डोळस माणूस तेवढ्यात वाट काढतो. काकांना पिवळा उजेड पुरत नसे. चार वर्षांपासून त्यांना अंधारात काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. आवारातले दिवे होते तोवर निभावलं. हे फक्त काकूंना ठाऊक होतं. घरातलं स्टूल त्या वितभरही हलवत नसत, आणि रोज डबा देताना तेच विचारत, "सांगून टाका ना साहेबांना. आता किती दिवस झाकणार?"

"निवृत्तीला सात महिने राहिलेत. एवढी वर्षं काढली, सात महिने काय," काका म्हणत. आंधळा म्हणून घरी जायचं नव्हतं त्यांना. ताठ मानेने, हार घालून जायचं होतं.

दोनचा फेरा झाला, तीनचा झाला. आवाराच्या चार कोपऱ्यांत चार किल्ल्या साखळीला टांगलेल्या होत्या. गळ्यातल्या घड्याळात किल्ली फिरवली की आतल्या कागदावर त्या जागेचा आकडा आणि वेळ उमटायची. कागद खोटं बोलत नाही, आणि काकांच्या कागदात आजवर एकही जागा रिकामी गेली नव्हती. चव्वेचाळीस मिनिटं संपली. उरली सेहेचाळीस.

साडेतीनला पंपवाला धापा टाकत आला. तळघरातलं झिरपणारं पाणी बाहेर काढायचं हे त्याचं काम.

"काका, टॉर्च द्या! वीज नाही, विजेचा पंप बंद पडलाय. डिझेलचं इंजिन चालू करायला गेलो तर तेही उठेना."

"का उठेना?"

"काल टाकी पार कोरडी झाली होती. आता डिझेल भरलंय, पण नळीत हवा शिरलीय. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, हाताने पंप मारत हवा काढायची. मग पुढचा स्क्रू. बुडबुडे थांबले की घट्ट करायचं. बुडबुडे हाताला कळत नाहीत काका, दिसावे लागतात!"

"मेणबत्ती ने."

"सगळीकडे डिझेल सांडलंय. मला मरायचंय का? तासाभरात पाणी मोटर्सना लागेल. दुरुस्तीला आलेल्या विजेच्या चाळीस मोटर्स खाली आहेत. माझी नोकरी जाईल."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

सेहेचाळीसमधून तीस गेले, सोळा उरले. सोळा मिनिटांत फेरा होत नाही. काकांनी हिशेब पुन्हा केला. आकडे काही ऐकेनात. नाही म्हणायला कारणही तयार होतं: टॉर्च पहाऱ्याची, पंपाची नाही. ते जिभेवर आलंही. पण समोरच्याचा आवाज रडवेला झाला होता.

काकांनी काखेतले सेल काढून टॉर्चमध्ये घातले. "सलग जाळू नकोस. पाना बसला की बंद कर, बुडबुडे बघायचे तेव्हाच लाव. सेलला दम खाऊ दे. आणि किती मिनिटं जळली ते मोज."

"तुमच्या फेऱ्याचं काय?"

"पायाखालची वाट आहे," काका म्हणाले.

चार वाजता ते तसेच निघाले. चौकीपासून पहिली किल्ली एकशे बारा पावलं. मग डावीकडे भिंत धरून नव्वद. एक, दोन, तीन किल्ल्या फिरल्या. काकांना स्वतःचाच हेवा वाटू लागला. एवढं जमतं, तर भ्यालो कशाला इतकी वर्षं?

चौथ्या किल्लीला सव्वीस पावलं उरली असताना नडगीला लोखंड लागलं आणि ते पालथे पडले. हाताखाली जाळी होती. पाणी किती चढलंय ते बघायला पंपवाल्याने पाणी साठायच्या खड्ड्यावरची जाळी उचलून वाटेत ठेवली होती. काकांनी हात पुढे केला. पुढे जमीन नव्हती. खालून पाण्याचा थंड वास आला.

ते उठले नाहीत. जाळी घट्ट धरून बसून राहिले. भीतीहून जास्त लाज वाटत होती. इथून दहा हातांवर चोर उभा असता तरी आपल्याला कळलं नसतं. चार वर्षं आपण कारखाना राखला, की फक्त आपली टॉर्च?

थोड्या वेळाने इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. मग पिवळा ठिपका हलत जवळ आला.

"काका! असे का बसलात? अहो, जाळी मीच..." त्याने उजेड त्यांच्या तोंडावर धरला. काकांचे डोळे उघडे होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते. मग तो हळूच म्हणाला, "द्या ते घड्याळ. उरलेलं मी फिरवतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," काका म्हणाले. "आधी टॉर्च बंद कर. सेल जळतोय."

सकाळी साहेबांनी घड्याळातला कागद काढला. चारची शेवटची जागा रिकामी, पाचची ओळ अख्खी रिकामी. पंपवाल्याकडून त्यांनी इंजिनाचं सगळं ऐकलं होतं.

"काका, तीस वर्षांत पहिल्यांदाच. डुलकी लागली असेल. वय झालं, होतं असं. मी सांभाळून घेतो."

सुटका समोर उभी होती. नुसती मान हलवायची होती. पंपवाला दारात उभा राहून बुटांकडे बघत होता.

"झोपलो नव्हतो, साहेब," काका म्हणाले. "मला रात्री दिसत नाही. चार वर्षं झाली. रात्रीला दुसरा माणूस बघा."

साहेबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

भांडारात काकांनी घड्याळ, शिट्टी आणि टॉर्च जमा केली. कारकून म्हणाला, "सेल फेकतो, नवे घालतो."

"थांबा. हिशेब राहिलाय." ते पंपवाल्याकडे वळले. "किती जळली?"

"एकतीस मिनिटं. तीस इंजिनाला. एक तुम्हाला शोधायला."

काकांनी कारकुनाचं पेन मागून घेतलं. त्यांच्या दोन फेऱ्यांच्या चार रेघा रात्रीच मारून झाल्या होत्या, वरची चार मिनिटं त्यांच्या ध्यानात होती. एकतीस आणि चार, पस्तीस. पट्टीवर त्यांनी तीन रेघा मारल्या आणि शेजारी एक अर्धी.

"पंधरा मिनिटं शिल्लक आहेत," त्यांनी सांगितलं, टॉर्च काउंटरवर ठेवली आणि लख्ख उन्हात घराकडे निघाले.