रजेचं कारण

आळेफाट्याच्या त्या पतसंस्थेत वृषाली औटी अकरा वर्षं कॅशियर होती, आणि तिच्या रोकडीत कधी रुपयाचा फरक निघाला नव्हता. मंचरच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून तिनं २००४ साली राजीनामा दिला. एक तारखेला तिथं हजर व्हायचं, आणि सोबत इथला कार्यमुक्तीचा दाखला हवा. तिला वाटलं, दाखला आणि शिल्लक रजेचे पैसे घेऊन, चहा पिऊन निघायचं.

गेणभाऊंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, हिशोबाचा कागद पुढे सरकवला. रक्कम होती चार हजार सातशे वीस.

"गेणभाऊ, हे कुणाचं?"

"तुझंच गं पोरी."

"माझी नव्वद दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. मूळ पगार चोवीसशे, महागाई भत्ता तीन हजार. दोन्हींची बेरीज भागिले तीस, म्हणजे दिवसाला एकशेऐंशी. सोळा हजार दोनशे होतात. तुम्ही महागाई कुठं सोडून आलात?"

"भत्ता भत्ताच असतो, त्यो धरायचा नाय, असं चेअरमन म्हणले."

"आपल्या सेवानियमात धरायचा असं छापलंय. तुम्हीच वाचून दाखवलं होतं मला, नोकरीला लागले तेव्हा."

गेणभाऊ चष्मा पुसायला लागले. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, अजून एक वाईट बातमी आहे.

"आन् शिल्लक एकोणसाठच हाय. एकतीस दिवस तू रजेवर व्हतीस."

वृषालीनं रजेचं पान उघडलं, आणि तिचे कान तापले. चेअरमन सावळेराम पाटलांच्या थोरल्याच्या लग्नात ती सात दिवस आहेर लिहीत बसली होती. पुतण्याच्या लग्नात पाच दिवस. घरभरणीला दोन. आणि पाटील बाजार समितीला उभे राहिले, तेव्हा सतरा दिवस साऱ्या स्टाफनं गावोगाव चिठ्ठ्या वाटल्या. "घरचंच कार्य हाय," असं चेअरमन म्हणाले की संस्थेत नाही म्हणायची रीत नव्हती. पंगतीत वाढून वाढून हात गळाले होते, आणि इथं ते सगळे दिवस तिच्या नावावर अर्जित रजा म्हणून मांडलेले. मागून मिळालेली रजा नव्हे, न मागता लावलेली.

"या रजांचे माझे अर्ज कुठायत?"

"तेच तर," गेणभाऊ खाली बघत म्हणाले आणि त्यांनी चार कोरे अर्ज काढले. "आता भरून दे म्हणले. तवर दाखल्यावर सही नाय. पुढल्या आठवड्यात ऑडिट हाय ना."

तिला रडू येईल असं गेणभाऊंना वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पण वृषालीला रडू नाही, संताप आला होता. एवढी वर्षं पैसे मोजताना तिनं चेहरा कोरा ठेवायची सवय लावून घेतली होती, ती आज कामाला आली. ती खुर्ची ओढून बसली आणि सुवाच्य अक्षरात चारही अर्ज भरून दिले.

दुपारी चेअरमन आले. चेकवर दुसरी सही लागते म्हणून खजिनदार घेवरचंद शेठही कापडाच्या दुकानातून उठून आले. शेठांना सहीआधी प्रत्येक कागद वाचायची खोड होती.

"रजेचं कारण," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "अध्यक्षांच्या चिरंजीवांच्या विवाहात आहेराच्या नोंदी करणे, त्यांच्या आदेशावरून." दुसरा अर्ज. "अध्यक्षांच्या पुतण्याच्या विवाहात पंगतीत वाढणे." तिसरा वाचताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अध्यक्षांच्या वास्तुशांतीत बुंदीच्या कोठीवर देखरेख. पाटील, बुंदी झकास होती बरं का."

"शेठ, चेष्टा नको."

"चौथा वाचू का? निवडणुकीतला आहे."

"पोरी, असं लिवत्यात का?" चेअरमन वृषालीकडे वळले. "ताप आला, पावणं आलं, कायबी लिवायचं व्हतं."

"मला ताप आला तेव्हा मी कामावर आले होते, पाटील. खोटं कारण कसं लिहू? ऑडिटरनं विचारलं तर?"

"मग काय माझ्या घरच्या कार्याला संस्थेचा पगार दिला म्हनू?"

"ते तुम्ही ठरवा. माझी रजा मी घेतली नाही, एवढंच मला माहीत आहे."

शेठांनी चारी अर्ज टेबलावर ओळीनं मांडले, दुकानात लुगडी मांडावीत तसे. "पाटील, हे फायलीला लागले तर ऑडिटर मलाही विचारील. ही रजा हिनं घेतलेली नाही, आणि महागाई आपल्या नियमात आहे. पूर्ण रकमेचा चेक लिहा, मी सही करतो. कमी रकमेवर करणार नाही. आणि त्या एकतीस दिवसांचा पगार ज्याच्या घरचं कार्य होतं, त्यानं संस्थेला भरावा."

चेअरमननी चेकबुक ओढून पूर्ण रकमेचा चेक लिहिला. "गोड बोलून मागितलं असतंस तर दिलं असतं," ते म्हणाले आणि सही केली.

"सकाळी गोडच बोलले होते," वृषाली म्हणाली.

सोळा हजार दोनशेचा चेक आणि दाखला पर्समध्ये ठेवून ती उठली. अर्ज चेअरमननी फाडले. तिनं फाडू दिले. पाहायचं होतं ते शेठांनी पाहिलं होतं. राग मात्र फाटला नाही. हक्काचे पैसे घेऊन निघताना आपणच काही चोरून नेत असल्यासारखं वाटावं, याचाच तिला जास्त राग आला.

गेणभाऊ दारापर्यंत आले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, आणि त्या प्रत्येक लग्नात कोठी त्यांच्याच ताब्यात असायची. चेअरमनच्या केबिनकडे एकदा बघून ते हळूच म्हणाले, "वृषाली, ते पयल्या अर्जातलं वाक्य मला जरा परत सांग. सावकाश सांग, लिवून घेतो."