रुमालाखालचा सौदा

वॉर्डातली शाळा बंद पडली असती, तर फायदा चंदनाबाईंचाच होता. माधवनगरच्या शाळेत शिक्षिकेची जागा रिकामी होती, घरापासून पाच मिनिटांवर. इथं सांगलीच्या दवाखान्यात यायला दोन बस बदलायच्या आणि खाटेला खिळलेल्या अकरा मुलांना शिकवायचं. त्यातला एक तर उत्तरच द्यायचा नाही.

तो महेंद्र, कोयनानगरचा, नऊ वर्षांचा. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. पाय दोरीनं ओढून धरलेला, दोरीच्या टोकाला खाटेबाहेर वजन लोंबतंय. उताणा पडून राहायचं, बास. बारा दिवसांत ना हसला, ना एक पाढा म्हटला.

"आवं बाई, यडं झालंय का काय माझं पोरगं?" त्याची आई पारूबाई विचारायची.

तेराव्या दिवशी बाईंनी त्याच्या उशीशेजारी डोकं टेकून पाहिलं. तिथून फळा दिसतच नव्हता, दिसायचा फक्त पंखा. बारा दिवस बाई त्या पंख्यालाच शिकवत होत्या!

बाईंचे वडील हळदीचे अडते. सौद्यात भाव तोंडानं बोलायचे नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायची. दुसऱ्या दिवशी बाईंनी रुमाल आणला. मूठ दाबली की दहा, बोट दाबलं की एक. शेजारच्या खाटेवर प्लॅस्टरातली साक्षी होती. दोघांच्या हातावर रुमाल पडला.

"सहा दुणे?" बाईंनी महेंद्रला विचारलं.

रुमाल हलला. "एक मूठ, दोन बोटं. बारा!" साक्षी ओरडली. "आन् नखं लय वाढल्यात ह्याची!"

अख्खा वॉर्ड हसला. महेंद्रही.

पण तिच्याकडं सरकता सरकता तो वाकडा झाला होता, आणि वजन खाटेला टेकलं होतं. भामाबाई सिस्टर धावत आल्या. "ओढ गेली ना पायाची! परत असं झालं तर शाळा बंद!" त्यांनी डॉक्टरांना बोलावून पाय सरळ करून घेतला.

महेंद्रनं तोंड फिरवलं. "मला न्हाई खेळायचं. माझ्यापायी बंद पडंल."

बाई गप्प बसल्या असत्या, तर माधवनगर पक्कं होतं.

"अरे, सौद्यात दलाल असतो की! गिऱ्हाइकानं जागा सोडायचीच नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून बाईच दलाल. या खाटेवर बोटं दाबून घ्यायची, चालत जाऊन त्या खाटेवर दाबायची. अकराही मुलं सरळ झोपून खेळू लागली.

भामाबाई दर दहा मिनिटांनी वजन बघायला येत. चौथ्या दिवशी त्यांनीच रुमालाखाली हात घातला. "नऊ दुणे?"

महेंद्रनं तीनदा मूठ दाबली.

"तीस? गाढवा!"

"आवं सिस्टर, हळद म्हाग झालीया!"

भामाबाईंना हसू आवरेना.

महिनाअखेरीस माधवनगरची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. हिशेब असा: महेंद्रला बारापर्यंतचे पाढे मिळाले, पारूबाईला तिचं बडबडं पोरगं परत मिळालं. भामाबाईंचा दरारा तेवढा गेला. बाकी सगळी किंमत या खाटेवरून त्या खाटेवर चालून दुखणाऱ्या चंदनाबाईंच्या टाचांनी भरली.