मधलं पाणी

भातकुलीच्या साधनाला अकोल्याच्या बसमध्ये उभं राहायचीही आता सवय झाली होती. अमरावतीच्या प्रयोगशाळेत नमुने करायचे आणि लेझरखाली तपासायला अकोल्याच्या कॉलेजात न्यायचे, ही पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाची दमछाक. आजची डबी मात्र तिने जिवापाड धरली होती. यातल्या तुकड्यावर तिचे मार्गदर्शक शेखर सर यांचा पेपर उभा होता आणि पेपरवर तिचा प्रबंध.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा तुकडा जाड असला की इलेक्ट्रॉनला खाली उतरायची वाट तिरकी पडते, म्हणून लेझर पाडला तरी त्यातून उजेड जवळजवळ मिळतच नाही. सोलत सोलत एकच थर उरला की वाट सरळ होते आणि तो लालबुंद झळकतो. दोन थरांतच वाट पुन्हा तिरकी. साधनाने मात्र एका थरावर दुसरा थर पाण्यातून तरंगवत नेऊन ठेवला, आणि तो जोड एकट्या थरासारखाच झळकला. सर हरखले. नवा शोध म्हणून लिहायलाही बसले.

मध्ये पाणी अडकलं असेल, थर एकमेकांना चिकटलेच नसतील, दोघं एकेकटेच झळकत असतील, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. सर वाईट नव्हते, घाईत होते.

आज नुसता त्या उजेडाचा आलेख पक्का करून परत यायचं ठरलं होतं. तो झाला, तसाच झळझळीत. नितेश, तिथला यंत्र चालवणारा, डबी बंद करायला लागला. साधना भिंतीला टेकून उभी राहिली. निघून गेली तर पुढच्या वर्षी सुटका होती. तिला घरी जाऊन झोपायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. मग तिनेच तुकडा निर्वात भट्टीत ठेवायला सांगितलं.

दुपार तिथल्या बाकावर गेली. भट्टी निवल्यावर तीच जागा पुन्हा लेझरखाली आली. मधलं पाणी निघून गेलं होतं आणि थर खरंच चिकटले होते. आलेखातलं लाल शिखर कोसळलं होतं, आणि कमी ऊर्जेकडे एक बुटकी टेकडी उगवली होती. ती तिरक्या वाटेची. तिला रडू आलं, आणि रडायचीही ताकद नव्हती.

तिने सरांना फोन लावला.

"सर, गेला जी उजेड. तापवलं मी."



"कावून तापवलं वं? तुले कोणं सांगितलं होतं?"

"कोणीच नाही जी. पण पेपर छापून आल्यावर दुसऱ्या कोणी तापवलं असतं तं?"

सरांनी फोन ठेवला. रागाने की दमून, तिला कळलं नाही. नितेशने प्रिंट काढायला विचारलं, पयला आलेख का दुसरा.

"दोन्ही," ती म्हणाली, "एकाच कागदावर."