आधी हो कोणी म्हणायचं

कौसल्याने बाबांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि पाण्याचा तांब्या उगाच थोडा पुढे सरकवला. तांब्या आधीच हाताशी होता. साहेबराव मास्तरांनी तांब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. उभी हयात शाळेत गेलेल्या माणसाला पोरांच्या चेहऱ्यावरचं मागणं वाचायला वेळ लागत नाही.

"बोल," ते म्हणाले.

आठ दिवसांपासून तिने ही वेळ हेरून ठेवली होती. रविवारची दुपार, बाबा ताटावर, माय चुलीपाशी, धाकटे भाऊ गल्लीत. दोघांना एकदमच विचारायचं हेही ठरलेलं. एकाचा होकार घेऊन दुसऱ्याला कोंडीत पकडायचं, हे जालन्याच्या मस्तगड वस्तीत पुष्कळांना जमत असे. तिला ती लबाडी वाटायची.

"बाबा, कावेरीची आई, नंदाबाई, भाऊबिजेला सिल्लोडला जाऊन राह्यली, भावाकडं. कावेरी, शिवकन्या अन् मी तिच्यासोबत जावं म्हणतो. एक रात्र तिथं, दुसऱ्या दिवशी अजिंठ्याची लेणी बघून माघारी. तुम्ही दोघं हो म्हणलात तरच."

मग प्रश्न सुरू झाले. झोपणार कुठे, तर मधल्या खोलीत नंदाबाईंजवळ. माघारी कसं येणार, तर लेण्यांवरून दुपारीच निघायचं, म्हणजे एक एसटी चुकली तरी मागची मिळते आणि दिवेलागणीला जालना गाठता येतं. माणसं कशी आहेत, या प्रश्नावर ती जरा थांबली. नंदाबाईंच्या भावाशेजारी बाबांच्या ओळखीचे बद्रीनाथ मास्तर राहत. बाबांनी वाटल्यास त्यांना आजच कार्ड टाकावं, असं ती म्हणाली. जायला अजून बारा दिवस होते, तोवर उत्तर आरामात आलं असतं. मास्तरांना मनातून हसू आलं. ते त्यांनी भाकरीच्या घासाबरोबर गिळलं.

चुलीपाशी बसलेल्या गिरिजाबाईंनी मात्र तव्यावरची नजर काढली नाही. मॅट्रिकच्या वर्षाला असलेली पोर, आणि रात्र घराबाहेर.

"लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे समोरच्या घरातल्या दुर्गाबाई. त्यांच्या उंबऱ्यावरून अख्खी गल्ली दिसायची, आणि जे दिसायचं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं. शिवकन्या त्यांचीच मुलगी.

"माय, दुर्गाकाकू बी शिवकन्याला पाठवून राह्यल्या," कौसल्या म्हणाली. बोलून झाल्यावर तिला राहवेना. "म्हणजे अजून पक्कं न्हाई. त्या म्हणल्या, तुझी माय हो म्हणली तर मी बी पाठवते."

मास्तरांचा हात ताटातच राहिला.

"हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

"चाललं असतं, बाबा. पण मंग तिथं जाऊन माझं मन लागलं न्हसतं."

गिरिजाबाईंनी भाकरी उलटली. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली उतरला होता आणि खरं दुखणं आता बाहेर आलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन अठरा वर्षं झाली होती, पण लेकीएवढ्या असताना परक्या दारात त्यांना कसं वाढलं जायचं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"अन् तिथं तुला एकलीला ओट्यावर जेवायला बसवलं तर?"

मायने हा प्रश्न किती वर्षं पोटात ठेवला होता, हे कौसल्याला आत्ता कळलं. पण उत्तर तिच्याजवळ होतं.

"मंग तिघी बी ओट्यावर बसू. कावेरीनंच ठरवलंय, मी न्हाई. तिनं मामाला तसं लिहून बी टाकलंय."

गिरिजाबाईंनी भाकरी उतरवली, लाकूड चुलीबाहेर ओढलं, हात पदराला पुसले आणि त्या तडक बाहेर गेल्या. कौसल्या जमिनीकडे बघत राहिली. संपलं सगळं, असं तिला वाटलं. तिने मनाशी ठरवलं की रडायचं नाही आणि तोंडही पाडायचं नाही, कारण दोघं हो म्हणतील तरच, हे विचारताना तिनेच म्हटलं होतं.

तेवढ्यात गल्लीतून मायचा आवाज आला. एरवी समोरच्या घरालाही ऐकू न जाणारा तो आवाज आज पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचत होता.

"दुर्गाबाई, माझी कौसल्या अजिंठ्याला जाऊन राह्यली. मी हो म्हणलंय. तुमची शिवकन्या जात असंल तर तिला सोबत चादर द्या, रात्री गार पडतं."

दुर्गाबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मास्तरांनी तांब्या उचलला, घोटभर पाणी घेतलं आणि तो लेकीच्या हातात दिला.

"ठेव जागेवर," ते म्हणाले. "अन् माझ्यासाठी एक कार्ड आण. बद्रीनाथला कळवतो, आमची पोरगी येऊन राह्यली म्हणून."