मागच्या बाकावरचा माणूस

तंत्रज्ञाच्या वकिलांनी माझ्या बसण्यावर हरकत घेतली तेव्हा मला बरं वाटलं. दोन दिवस मी त्या खुर्चीतून उठायला कारण शोधत होते.

प्रयोगशाळांच्या परवान्यांचं आमचं न्यायाधिकरण तिघांचं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, एक वकील सदस्य, आणि तांत्रिक सदस्य म्हणून मी; तीस वर्षं रक्ततपासणीत काढलेली. समोरचा तंत्रज्ञ रक्तगटाचा चुकीचा अहवाल दिल्याच्या आरोपावरून आठ महिने निलंबित होता. तक्रार एका रुग्णालयाची. त्याचा परवाना राहतो की कायमचा जातो, ते आज ठरायचं होतं.

हरकत एवढीच होती की नऊ वर्षांपूर्वी मी त्या रुग्णालयात एक व्याख्यान दिलं होतं. बाईंच्या मनात काही आहे असं आमचं म्हणणंच नाही, वकील नम्रपणे म्हणाले, पण लोकांना कसं दिसेल?

अध्यक्षांनी चष्मा पुसत सगळं उलगडून सांगितलं. प्रत्यक्ष पक्षपात म्हणजे मन खरोखर एका बाजूला झुकलेलं किंवा आधीच बंद झालेलं. ते सिद्ध करणं जवळपास अशक्य, कारण निर्णय देणाऱ्याची उलटतपासणी होत नसते. म्हणून कायदा बाहेरून बघतो. पक्षपात नुसता दिसला तरी पुरतो. प्रश्न एवढाच, की तो कुणाच्या नजरेने मोजायचा. काही निकाल म्हणतात, पक्षपाताची खरी शक्यता आहे का ते न्यायालयाने स्वतः तोलावं. दुसरी कसोटी रास्त शंकेची. त्या मागच्या बाकावर एक समंजस माणूस बसलाय असं धरा, सगळी हकीकत माहीत असलेला, ना भोळा ना संशयी. हे कदाचित निःपक्षपातीपणे ठरवणार नाहीत, अशी शंका त्याला रास्तपणे येईल का? तेवढी आली तरी पुरे.

मागच्या बाकावर तंत्रज्ञाची बायको बसली होती, पर्स दोन्ही हातांनी धरून.

“पण एका जुन्या व्याख्यानाने त्या समंजस माणसाला शंका यायची नाही, वकीलसाहेब,” अध्यक्ष म्हणाले. “माझं व्याख्यान ऐकलेले लोक तर मला बघून रस्ता बदलतात. त्यांना माझे हितसंबंधी म्हणायचं का?”

वकीलही हसले. कुठलीही कसोटी लावा, हरकत टिकत नव्हती. मीही तेच सांगितलं असतं. बाहेर पडायचं एकच दार होतं आणि ते अत्यंत बिनचूक तर्काने बंद होत होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यामुळे गेल्या. घरच्यांनी तक्रार केली नाही, त्यामुळे कुठेच नोंद नाही, आणि घरातली गोष्ट म्हणून मीही कुणाला सांगितली नव्हती. परवा मी फाईल उघडली, आरोपपत्र वाचलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, परवाना रद्द. मग लक्षात आलं की त्याच्या उत्तराचं पाकीट अजून फोडलेलंच नाही. लिहिलेलं खोडलं. उत्तर दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ओळन् ओळ सबब वाटली. प्रयोगशाळेत यावर उपाय असतो, नमुन्यावरचं नाव झाकायचं. इथे काय झाकणार?

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे मला काही सांगायचं आहे का ते विचारलं. तांत्रिक सदस्याशिवाय सुनावणी होत नाही आणि त्याच्या जागी दुसरा नेमायला वर्ष जातं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तांत्रिक मुद्द्यावर बाकीचे दोघे माझ्याच मताने जात; मी गप्प राहिले तर त्या तंत्रज्ञाचा परवाना जाणार होता. बोलले तर तो लटकून राहणार होता.

“व्याख्यानाचं काही नाही,” मी म्हणाले. “पण माझं मन आधीच ठरलंय.”

आणि जाऊबाईंचं सांगितलं, पेन्सिलीचंही. वकील सदस्यांनी हळूच विचारलं, दुसरं कुणी नसेल तर गरज म्हणून बसता येत नाही का? अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. जागा उशिरा का होईना भरता येते, तेव्हा ती गरज नव्हे. आणि मन बंद आहे असं सदस्य स्वतःच सांगत असताना तर नाहीच. त्यांनी तीन ओळींचा आदेश सांगितला. सुनावणी तहकूब, तोवर निलंबन चालू.

जिन्याशी तंत्रज्ञाने मला गाठलं. वकील त्याची बाही ओढत होते.

“बाई, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही.”

“आता वर्षभर मी काय करू?”

त्याने वकिलांच्या हातून बाही सोडवून घेतली.

“माझं उत्तर वाचलंत ना तुम्ही? मग तेवढं तरी सांगा. खोटं वाटलं?”

“वाटलं,” मी म्हणाले. “पण ते खोटं आहे की नाही, हे मला खरंच कळत नाही.”

तो तसाच उभा राहिला. खाली जायला तोच एक जिना होता आणि त्याला बाजूला व्हायला सांगण्याचा धीर मला होईना.