ताईला येत होता तो वास

बस चालवून निवृत्त झालेल्या तात्यांनी त्या सकाळी कूलर उघडला, तो केवळ हवा कमी येत होती म्हणून. दोन दिवस पंखा जीव तोडून फिरत होता आणि खोली मात्र भट्टीसारखी तापलेली. त्यांनी प्लग काढला, कूलर ढकलत मागच्या मोरीत नेला आणि टाकीच्या तळाचं बूच फिरवलं.

पाणी आलं नाही. तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. तात्यांनी काडी घातली, तसा तपकिरी, बुळबुळीत गोळा सुटून बाहेर आला. मागोमाग काळपट पाणी, आणि वास. ओलं गोणपाट महिनाभर कोंडून ठेवावं तसा.

तात्या नाकाला हात लावून उभेच राहिले. हेच शब्द ताईने वापरले होते. ओलं गोणपाट.

गेल्या उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांची थोरली बहीण महिनाभरासाठी राहायला आली होती. कूलरची खोली त्यांनी मोठ्या कौतुकाने तिला दिली. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "अरे, याला ओलं गोणपाट कोंडल्यासारखा वास येतो. घसा धरतो माझा." तात्या म्हणाले, "रोज ताजं पाणी भरतो मी." चौथ्या दिवशी तिने कूलर बंद करून खिडकी उघडली. आठव्या दिवशी ती पुन्हा वासाचं बोलली, आणि तात्यांचं डोकं फिरलं. "तुला सगळ्यांच्याच घरात खोट दिसते. म्हणून तर तुझं सासरी जमलं नाही."

ताईने आपले कपडे पिशवीत भरले. संध्याकाळी डोळ्याला काळा चष्मा लावून, पिशवी घेऊन ती आपल्या घरी गेली. तात्या रिक्षापर्यंतही गेले नाहीत.

रोज ताजं पाणी. भरत होते ते वरून. खाली जुनं तसंच. दोन उन्हाळे त्यांनी हे बूच उघडलं नव्हतं.

त्यांनी बाजूच्या जाळ्या काढल्या. मधाच्या पोळ्यासारखे पॅड क्षारांनी पांढरे, कडक झाले होते. खालच्या अंगाला शेवाळ. वरच्या नळीची निम्मी भोकं बुजलेली, म्हणून पॅड अर्धे कोरडेच राहायचे. पंपाच्या जाळीवर तोच बुळबुळीत थर.

बायको दारात आली. तिने पदर नाकाला लावला.

"हा वास तुला कधी आला नाही?" तात्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "यायचा की."

"मग बोलली का नाहीस?"

"ताई बोलल्या, त्यांचं काय झालं ते पाहिलं ना मी. वर सगळे म्हणाले असते, हिच्याच घरात स्वच्छता नाही." पदर खाली घेत ती म्हणाली, "मी त्यांची बाजू घ्यायला हवी होती."

मग ती घरातून लिंबूसत्वाची पुडी घेऊन आली. टबात पाणी भरून त्यांनी ते विरघळवलं आणि पॅड अर्धा तास बुडवून ठेवले. क्षार मऊ पडले, तसे तात्यांनी मऊ ब्रशने हलक्या हाताने काढले. जोर लावला की पॅडच्या कागदाचे पदर फाटत होते. बायकोने भांड्याच्या साबणाने टाकी घासली. नळीची भोकं टाचणीने मोकळी केली, पंपाची जाळी धुतली. सगळं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळलं आणि पॅड उन्हात उभे केले.

पॅड वाळेपर्यंत तात्यांनी फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"ताई, कूलर उघडला आज. वास होता गं. तू खरं बोलत होतीस."

"हो का," ताई म्हणाली. "धुतलास?"

"धुतला. दर आठवड्याला पाणी काढून टाकत जाईन आता. तू ये. चार दिवस तरी."

मग ती शांतपणे म्हणाली, "मी वासामुळे नव्हते रे गेले. वास खिडकी उघडल्यावर कमी व्हायचा."

तात्या म्हणाले, "चुकलो मी."

"बरं," ती म्हणाली. "बघते, जमलं तर." मग गॅसवर दूध आहे म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी कूलर जोडला. पाणी सगळ्या पॅडवर सारखं पसरलं, खोली तासाभरात गार झाली, वासाचं नाव नाही. बायकोने पलंगावर धुतलेली चादर घातली आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

ताई त्या उन्हाळ्यात आली नाही. शेवटी तात्याच तिच्याकडे गेले. तिने चहा केला, डोळा आता ठीक आहे म्हणाली, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. निघताना त्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "इथेच बरं वाटतं मला. तू येत जा."