बावन्नची रेषा

मोरूचं डोकं अभ्यासापेक्षा अभ्यास टाळण्यात जास्त चालायचं, आणि तिथं ते इतकं चालायचं की पाहणाऱ्याला हळहळ वाटावी. पेणच्या रामवाडीजवळच्या कॉलेजात तो केमिकलच्या डिप्लोम्याला होता. रोज सकाळी रोह्याहून एसटीनं यायचा आणि मागच्या बाकावर बसून बसभर राज्य करायचा.

या खेपेला मात्र राज्य धोक्यात होतं. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखानदारीतल्या एका कंपनीनं कॉलेजातल्या दोघांना अप्रेंटिस म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. मुलाखत झाली आणि दोन नावं निघाली, मोरू आणि हिरामण. अट एकच होती. प्रोसेस कॅल्क्युलेशनच्या विषयात ‘बी’ ग्रेड हवी. ‘सी’ आली तर जागा गेली. मोरूचे वडील बाबाजी त्याच धाटावात कंत्राटदाराच्या हाताखाली बारा वर्षं पिंपं उचलत होते. पोरगा कंपनीचा बिल्ला लावून गेटातून आत जाणार, हे त्यांनी आळीभर सांगून टाकलं होतं.

विषय शिकवायच्या घरत मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात कागद वाटला होता. पन्नास मार्क वर्षभराचे, पन्नास शेवटच्या पेपरचे. साठाला ‘बी’. त्याखाली लिहिलं होतं की सगळ्या वर्गालाच पेपर जड गेला, तर मॅडम कर्व लावून ही रेषा खाली आणू शकतील, पण साठाच्या वर ती कधीच जाणार नाही. गेल्या वर्षी वर्गाची सरासरी चव्वेचाळीसवर आपटली होती आणि मॅडमनी ‘बी’ची रेषा बावन्नवर आणली होती. कागदातलं बाकी सगळं विसरून वर्गानं हा बावन्नचा आकडा तेवढा तोंडपाठ केला.

मोरूचे वर्षभराचे झाले होते अठ्ठावीस. साठ गाठायचे तर पेपरात बत्तीस हवेत, बावन्न गाठायचे तर चोवीस. मधल्या आठ मार्कांचा हिशेब त्यानं लगेच घातला. रीसायकलचा आख्खा धडा सोडून देता येत होता. टाकीतून बाहेर पडलेला माल परत टाकीत फिरवायचा आणि मग कुठल्या नळीतून किती गेला ते काढत बसायचं, असल्या धड्याचा त्याला मनापासून राग होता.

पण रेषा आपोआप खाली यायची कशी? सरासरी पाडली तर! ही अक्कल त्याला नागोठण्याच्या थांब्यावर सुचली आणि पेण येईपर्यंत तिची योजना झाली.

दुपारी कॅन्टीनमागं त्यानं सगळा वर्ग गोळा केला. एक्केचाळीस जण. मोरूनं पिशवीतून नारळ काढला.

“हे बघा,” तो म्हणाला, “आपण सगळ्यांनी रीसायकलला हातच नाय लावायचा. कोणी म्हणजे कोणी नाय. सरासरी पडली का मॅडमला रेषा पाडावीच लागतेय. मग बावन्नवाला पण खूश, साठवाला पण खूश. घ्या शपथ.”

एकेकानं नारळावर हात ठेवला. दत्तूनं तर दोन्ही हात ठेवले. हिरामण शेवटी आला. तो पेणच्या खाडीकाठचा, घरचं मिठागर. बोलायला कमी आणि शब्दाला जड. त्यानं हात ठेवला आणि डोळेसुद्धा मिटले.

हात ठेवला नाही तो एका सरूनं. ती रोह्याच्या पलीकडच्या गावची, भात आणि वालाच्या शेतातली. बोलायला लागली की समोरच्याचा पार चोथा करायची.

“मोरू, रेषा कोणाच्या हातात हाय?”

“आपल्या. म्हणून तर नारळ आणलाय ना गो!”

“आपल्या नाय. मॅडमच्या हातात हाय, नि चाळीस जणांच्या. त्यातल्या एकाची पण वही तुला दिसत नाय. साठ तेवढे तुझ्या हातात हायत. साठ मिळवलेस तर वर्ग पडो नाय तर चढो, तुझी बी ठरली. बावन्न धरून बसलास, नि रेषा आलीच नाय खाली, तर?”

“गेल्या वर्षी आली ना!”

“गेल्या वर्षी तू वर्गात होतास व्हय?”

पोरं हसली. मोरूनं नारळ फोडून विषय संपवला आणि खोबरं वाटलं. सरूनंही एक तुकडा घेतला. शपथ नको होती तिला, खोबऱ्याशी तिचं काही वैर नव्हतं.

अभ्यासाची सुट्टी लागली. वर्गाच्या ग्रुपवर रोज निष्ठेचे पुरावे येऊ लागले. कोणी पोहण्याचा फोटो टाकला, कोणी झोपल्याचा. झोपलेल्याचा फोटो काढला कोणी, हे मात्र कोणी विचारलं नाही. दत्तूनं लिहिलं, “पुस्तक कुठं ठेवलंय तेच आठवत नाय.” मोरूला आपल्या प्रजेचा अभिमान वाटला.

पेपरला पाच दिवस राहिले असताना तो रोह्याच्या वाचनालयात गेला. अभ्यासाला नव्हे, पंख्याखाली बसून पेपरातलं क्रिकेट वाचायला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जण वर्तमानपत्र उभं धरून बसला होता. पानावर शेतकी बियाण्यांच्या जाहिराती होत्या आणि माणूस पाच मिनिटं पान उलटत नव्हता. मोरूनं वरून डोकावलं. आत दत्तू होता, दत्तूच्या पुढ्यात वही होती आणि वहीत रीसायकल होता. तिसरं उदाहरण चाललं होतं.

दत्तूचा चेहरा उतरला. “सहज बघत होतो रे.”

“पुस्तक आठवत नव्हतं ना तुला?”

“आठवलं अचानक.”

मोरूनं मान वर करून खोलीभर नजर फिरवली. खिडकीशी दोघं, कपाटाआड एक, आणि एक चक्क बालविभागात, गुडघे पोटाशी घेऊन छोट्या खुर्चीवर. सगळे नारळवाले! तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ग्रुपवर नवा निरोप होता, “आज पण नाय वाचलं.” पाठवणारा बालविभागात बसला होता.

मोरूची पाचावर धारण बसली. रोह्यात हे, तर पेणला काय चाललं असेल? बाकीचे पडतील आणि आपण तेवढे वर राहू, असा डाव प्रत्येकानं स्वतःपुरता मांडला होता. आणि खरं सांगायचं तर त्याला राग कशाचा आला असेल, तर हा डाव आपल्याला आधी कसा सुचला नाही याचा.

सरू मधल्या टेबलावर उघड्या वहीनं बसली होती. मोरू तिच्यासमोर जाऊन बसला.

“कळलं?” ती म्हणाली.

“कळलं. बत्तीस कसे आणू ते सांग.”

“बत्तीस नाय, छत्तीस धर. पेपरात एखादी आकडेमोड चुकतेच. त्या चुकीपुरतं जास्त धरायचं, कर्वच्या आशेवर कमी नाय धरायचं. कर्व आला तर वरचं खोबरं समज.”

मग चार दिवस तिनं त्याला पिळून काढलं. टाकीभोवती रेघ मार, आत काय आलं लिही, बाहेर काय गेलं लिही, मग आतली रेघ मार. तिसऱ्या दिवशी मोरूला तो धडा कळला, आणि कळल्यावर राग इतक्या सहज निघून गेला की त्याला लाज वाटली.

या चार दिवसांत हिरामणची आठवण त्याला आली नाही असं नाही. एकदा नंबर काढून अंगठा फोनवर ठेवलासुद्धा. हिरामणचे वर्षभराचे तीस होते. त्यालाही सांगायला हवं होतं. पण मोरूच्या डोक्यात एक किडा वळवळला. समजा, माझे साठ नाहीच झाले. निदान एक तरी माणूस शपथ पाळतोय, सरासरीला तेवढाच खाली ओढेल. असू दे. त्यानं फोन पालथा ठेवला.

निकालाच्या दिवशी घरत मॅडम वर्गात हसत आल्या. असं पूर्वी झालं नव्हतं.

“वर्गाची सरासरी त्रेसष्ट,” त्या म्हणाल्या. “मी शिकवायला लागल्यापासून एवढी कधीच नाही आली. रीसायकलचा प्रश्न तर जवळजवळ सगळ्यांनी सोडवलाय! कर्वची गरजच नाही. रेषा साठालाच.”

वर्गात कोणी कोणाकडे बघेना. मोरूला बासष्ट मिळाले होते. त्यानं आकडा तीनदा वाचला आणि बाबाजींना फोन केला. पलीकडून आधी पिंपांचा आवाज आला, मग बापाचा ओरडा. मोरूला रडू आवरेना.

फोन ठेवून वळला, तर व्हरांड्यात हिरामण उभा होता. हातात गुणपत्रिका. चौपन्न.

“रीसायकल सोडला मी,” हिरामण म्हणाला. “तुझ्या सांगण्याप्रमानं. तुला किती?”

“बासष्ट.”

“मंग तू कवा वाचलंस?”

मोरूनं आयुष्यात हजार थापा मारल्या होत्या. या वेळी एकही सापडेना.

मागून सरू आली. तिनं दोघांकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. मोरूनं तिला हळूच विचारलं, “हिरामणनं दहा मार्क जास्त मिळवले असते, तर सरासरी कितीनं चढली असती गो?”

“दहा भागिले एक्केचाळीस. पाव मार्क. का रे?”

मोरू खाली बसला. जमिनीकडे बघत त्यानं हिरामणला सगळं सांगितलं: वाचनालय, दत्तू, सरूची वही, फोनवर ठेवलेला अंगठा आणि तो पालथा का ठेवला तेही.

हिरामणनं गुणपत्रिकेची घडी घालून खिशात ठेवली.

“म्हंजे मला पाव मार्कासाठी अंधारात ठेवलंस तू?”

“व्हय.”

सरूनं मोरूला एक शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही, पण योग्य होती. मग ती तरातरा घरत मॅडमकडे गेली आणि दहा मिनिटांनी परत आली.

“महिन्यानं सुधार परीक्षा हाय. फक्त शेवटचा पेपर, वर्षभराचे तीस तसेच राहतात. मॅडम कंपनीला पत्र देतायत, तोवर जागा ठेवतील. हिरामण, तुला तीसच पाहिजेत.”

“नि बसणार किती जन?” हिरामणनं विचारलं.

“तू एकटाच.”

“मंग सरासरी?”

“तुझे मार्क तीच सरासरी. कर्वला जागाच नाय.”

हिरामणला हसू आलं, पण मोरूकडे नजर जाताच ते विरलं. मोरूनं दप्तरातून आपली वही काढली, रीसायकलचं पान उघडलं आणि त्याच्यापुढं धरली.

“चौतीस धरून चालू या,” तो म्हणाला. “रोज येतो मी. तुझ्या घरी येतो, मिठागरावर येतो, सांगशील तिथं.”

हिरामणनं वही घेतली. लगेच नाही, मोरूचा हात दुखायला लागेपर्यंत त्याला ती तशीच धरायला लावून, मग घेतली.

“सकाळी सातला ये,” तो म्हणाला. “आणि मी माफ केलंय असं समजू नको.”

दुसऱ्या दिवशी मोरू पावणेसातलाच मिठागराच्या बांधावर उभा होता.